मास्टरवर ‘ओके’, जॉबवर चूक

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात मशीनिंग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांच्या इन्स्पेक्शन टेबलावर मूठभर आकाराचं एक यंत्र हमखास दिसतं. त्याला सगळे रफनेस टेस्टर म्हणतात. शेजारी एका डबीत बिस्किटाएवढी चकचकीत धातूची पट्टी असते, तिला म्हणतात मास्टर किंवा स्पेसिमेन. पाळी सुरू झाली की क्वालिटीचा माणूस यंत्र त्या पट्टीवर ठेवतो, बटण दाबतो आणि काही सेकंदांत पडद्यावर आकडा उमटतो. पट्टीवर २.९७ छापलेलं असतं आणि यंत्र २.९५ दाखवतं. वहीत ‘ओके’ लिहिलं जातं आणि दिवसभर त्या यंत्रावर भरवसा ठेवून शेकडो जॉब पास किंवा रिजेक्ट होतात.

ही सवय चांगली आहे आणि ती मोडू नये. पण त्या ‘ओके’मधून नेमकं काय सिद्ध होतं, हे वहीत सही करणाऱ्या अनेकांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून आधी यंत्र काय करतं ते पाहू.

लेथवर वळवलेला किंवा ग्राइंडिंग केलेला पृष्ठभाग बोटाला गुळगुळीत लागला, तरी त्यावर टूलने सोडलेले बारीक चढउतार असतात. ते मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यंत्राच्या पुढच्या टोकाला हिऱ्याची सुई असते, तिला स्टायलस म्हणतात. ती पृष्ठभागावरून सरळ रेषेत सरकते, चढउतारांबरोबर वरखाली होते, आणि ती हालचाल विजेच्या संकेतात बदलून कित्येक पट मोठी केली जाते. त्या आलेखाच्या मधून एक सरासरी रेषा काढायची आणि प्रत्येक बिंदू तिच्यापासून किती दूर आहे याची सरासरी घ्यायची. हाच पडद्यावरचा Ra. ड्रॉइंगवर ‘Ra 1.6’ लिहिलेलं असतं, तेव्हा ही सरासरी १.६ मायक्रॉनच्या वर जाऊ नये अशी अट असते.

म्हणजे Ra चा आकडा बरोबर येण्यासाठी तीन वेगवेगळ्या गोष्टी ठीक असाव्या लागतात. सुईची हालचाल योग्य पटीने मोठी केली गेली पाहिजे. सुईचं टोक इतकं बारीक हवं की ते दरीच्या तळापर्यंत पोहोचेल. आणि आलेखातला कोणता चढउतार खडबडीतपणात धरायचा व कोणता वगळायचा, याची सीमारेषा योग्य हवी. या सीमारेषेलाच कट-ऑफ म्हणतात. रोजच्या ३ मायक्रॉनच्या मास्टरवर यातली पहिली गोष्ट उत्तम तपासली जाते. उरलेल्या दोन बहुतेक निसटून जातात.

याचं कारण मास्टरच्या घडणीत आहे. यंत्रासोबत मिळणाऱ्या नेहमीच्या पट्टीवर एकसारख्या, गोलसर लाटा असतात. दोन शिखरांमधलं अंतर साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, आणि शिखरापासून दरीपर्यंतची उंची साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास. आकडे ऐकून लाट उंच वाटते, पण प्रत्यक्षात ती फार पसरट असते. तिचा सर्वांत तीव्र उतारही सुमारे १६ अंशांचाच आहे. अशा लाटेच्या तळाची वक्रता मोजली, तर तिथे पन्नासेक मायक्रॉन त्रिज्येचा गोल बसेल.

आता सुईकडे पाहू. नव्या सुईच्या टोकाची त्रिज्या यंत्रानुसार २ किंवा ५ मायक्रॉन असते. समजा ती झिजून १० मायक्रॉन झाली, म्हणजे २ मायक्रॉनच्या टोकाच्या तुलनेत पाचपट बोथट. पण जिथे ५० मायक्रॉनचा गोल मावतो, तिथे १० मायक्रॉनचं टोक सहज तळाला टेकतं. मास्टरवरचा आकडा जवळपास हलतच नाही. सुई खराब झालेली असते आणि वहीत ‘ओके’ पडतं.

बोथट सुई अडते ती खऱ्या जॉबवर, विशेषतः ग्राइंडिंग, लॅपिंग किंवा होनिंग केलेल्या पृष्ठभागावर, कारण तिथल्या दऱ्या अरुंद आणि टोकदार असतात. साधी भूमिती करून बघा. खाच १५ मायक्रॉन रुंद आणि २ मायक्रॉन खोल आहे, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. त्यात २ मायक्रॉन त्रिज्येचं टोक उतरलं, तर ते तळापासून फक्त ०.०७ मायक्रॉन वर अडकतं. तेवढं चालतं. तेच टोक १० मायक्रॉनचं असेल, तर ते ०.३५ मायक्रॉन वर अडकतं, आणि दोन मायक्रॉनची खाच यंत्राला १.६५ ची दिसते. खाच जितकी अरुंद आणि उभी, तितका हा तोटा वाढतो. म्हणून झिजलेल्या सुईने बारीक फिनिशचा जॉब आहे त्यापेक्षा गुळगुळीत दिसतो. चूक नेहमी कारखान्याला सोयीच्या बाजूने होते आणि म्हणूनच ती कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. रिजेक्शन वाढलं की सगळे यंत्राकडे धावतात, पण रिजेक्शन कमी झालं म्हणून यंत्र तपासायला घेणारा विरळाच.

हिरा झिजतोच कसा, असं कुणी विचारेल. सुईवरचा दाब अगदी कमी असतो. २ मायक्रॉनच्या सुईसाठी पाऊण मिलिन्यूटन, म्हणजे ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी वजन. पण हे वजन पडतं ती जागा इतकी लहान असते की दर चौरस मिलिमीटरचा दाब प्रचंड होतो. कडक केलेल्या पोलादावर किंवा सिरॅमिकवर रोज शेकडो फेऱ्या झाल्या की टोक हळूहळू चपटं होतं. याहून जास्त नुकसान हातांनी होतं. जॉबच्या धारेवरून सुई घसरते, यंत्र पुढच्या टोकावर आपटतं, सुई टेकलेली असताना कुणीतरी जॉब आडवा सरकवतो. अशा वेळी टोक झिजत नाही, त्याचा टवका उडतो. टवका उडालेल्या सुईचे आकडे कसेही येऊ शकतात, आणि मऊ धातूवर ती डोळ्यांना दिसेल असा ओरखडाही पाडते. तसा ओरखडा दिसला की पुढचं माप घेऊ नये.

सुई तपासायची तर वेगळा नमुना हवा. मोजमापाच्या नमुन्यांचं वर्गीकरण आयएसओ ५४३६-१ या मानकाने केलं होतं. त्यात खोली तपासण्याचे, लाटांचे, अनियमित खडबडीतपणाचे असे वेगवेगळे प्रकार आहेत, आणि ‘बी’ हा प्रकार खास सुईच्या टोकासाठीच ठेवलेला आहे. त्यातल्या एका रचनेत एकाच पट्टीवर खाचांचे दोन गट असतात. एक गट गोलसर, ज्याला बोथट सुईचा फरक पडत नाही. दुसरा टोकदार खाचांचा, ज्याला लगेच पडतो. दोन्हींच्या आकड्यांचं गुणोत्तर बदललं की दोष सुईत आहे हे कळतं. आणखी एक पद्धत म्हणजे ब्लेडच्या धारेवरून सुई नेणं. धार सुईपेक्षा कितीतरी बारीक असल्याने आलेखावर धारेचा नव्हे, तर सुईच्या टोकाचाच आकार उमटतो. पण ती प्रयोगशाळेत करण्याची गोष्ट आहे, टेबलावर करायची नाही.

कारखान्यासाठी सोपा मार्ग उपलब्ध आहे. काही कंपन्या ३ मायक्रॉनच्या पट्टीवरच एका बाजूला ०.४ मायक्रॉनचा बारीक पट्टा देतात. तो पट्टा सुई तपासण्यासाठीच असतो. बहुतेक ठिकाणी मात्र तो डबीतल्या डबीत नवा राहतो, कारण रोजच्या नोंदीच्या तक्त्यात त्याचा रकानाच छापलेला नसतो.

समजा तसा रकाना छापला. पहिल्या महिन्यात जाड पट्ट्यावर २.९७ आणि बारीक पट्ट्यावर ०.४० आले. तिसऱ्या महिन्यात २.९६ आणि ०.३८. सहाव्या महिन्यात २.९६ आणि ०.३४. जाड पट्टा स्थिर आणि बारीक पट्टा खाली उतरतोय, म्हणजे यंत्राची पट बरोबर आहे, सुई बोथट होत चालली आहे. दोन्ही आकडे एकाच प्रमाणात खाली आले असते, तर संशय पटीवर गेला असता. हे निदान करायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. लागतात फक्त दोन रकाने आणि तारीख.

इथेच एक घातक शॉर्टकट घेतला जातो. यंत्रात कॅलिब्रेशनचं बटण असतं. मास्टरचा छापील आकडा भरायचा, माप घ्यायचं, की यंत्र आपली पट बदलून तो आकडा जुळवून घेतं. बारीक पट्टा ०.३४ दाखवतोय म्हणून कुणी त्यावरच यंत्र जुळवून ०.४० आणलं, तर पट सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. आता बारीक पट्टा बरोबर दिसेल, पण जाड मास्टर साडेतीन दाखवेल, आणि लेथवरचा १.४ मायक्रॉनचा चांगला जॉब १.६५ येऊन रिजेक्ट होईल. बोथट सुईचा इलाज नवी सुई हाच आहे. पडताळणी म्हणजे आकडा वाचून तुलना करणं, जुळवणी म्हणजे यंत्रात बदल करणं. ही दोन कामं वेगळी ठेवा. रोज सकाळी बटण दाबून आकडा जुळवला, तर यंत्र कधी आणि किती सरकलं याचा मागमूसच राहत नाही. आधी जसा आहे तसा आकडा वहीत लिहा, तो ठरवलेल्या मर्यादेबाहेर असेल तरच कारण शोधा, आणि मग जुळवणी करा.

ही मर्यादा आधी ठरवलेली हवी. ती यंत्राची अचूकता आणि मास्टरच्या प्रमाणपत्रावरची अनिश्चितता दोन्ही पाहून ठरवतात. उदाहरणार्थ, तीन टक्के ठरवली तर २.९७ च्या पट्टीवर २.८८ ते ३.०६ चालेल. प्रमाणपत्र एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं असावं आणि छापील आकड्याऐवजी त्यावरचा आकडा वापरावा, कारण पट्टीही झिजते. ऑपरेटर सवयीने रोज त्याच रेषेवर सुई नेतो आणि तिथे चर पडत जाते. म्हणून दरवेळी जागा थोडी सरकवावी, तीन-चार ठिकाणची सरासरी घ्यावी, आणि सुई नेहमी लाटांना आडवी न्यावी. पट्टीवर बोट लावू नये. तेलाचा थर किंवा कापडाचा धागा राहिला तरी आकडा बदलतो.

आता कट-ऑफकडे येऊ, कारण माझ्या मते सर्वांत जास्त चुकीचे रिपोर्ट त्यामुळेच निघतात.

खंडाळ्याच्या घाटात गाडी वर चढते तेव्हा तो चढ म्हणजे खड्डा नव्हे, आणि रस्त्याच्या खड्ड्यांची तक्रार करताना घाटाची उंची कुणी त्यात धरत नाही. पृष्ठभागाचंही तसंच आहे. जॉब किंचित वाकलेला असतो, मशीनच्या कंपनाने त्यावर लांब लाटा आलेल्या असतात. त्या खडबडीतपणात मोजायच्या नसतात. कट-ऑफ हे एक लांबीचं माप आहे. त्यापेक्षा बऱ्याच लांब लाटा यंत्रातला फिल्टर काढून टाकतो आणि बऱ्याच आखूड लाटा राहू देतो. ही सीमा एकदम तोडलेली नसते. आजच्या यंत्रांत असतो त्या गॉसियन फिल्टरमध्ये, कट-ऑफएवढ्याच लांबीची लाट बरोबर निम्मी उरते. हे ‘निम्मी’ लक्षात ठेवा.

यंत्रावर निवडायला ०.०८, ०.२५, ०.८, २.५ आणि ८ मिलिमीटर अशी मापं असतात. नेहमी मोजायची लांबी कट-ऑफच्या पाचपट, म्हणजे ०.८ ला ४ मिलिमीटर. आधी आणि नंतर थोडी धाव धरून सुई ४.८ मिलिमीटर सरकते.

आता एक जॉब घेऊ. शाफ्टवर बेअरिंगची जागा वळवायची आहे, ड्रॉइंगवर Ra १.६. टूलच्या टोकाची नोज रेडियस ०.८ मिलिमीटर आणि लेथचा फीड फेरीला ०.२५ मिलिमीटर. टूल प्रत्येक फेरीत गोलसर चर सोडतं, त्यामुळे खडबडीतपणाचा अंदाज गणिताने काढता येतो. फीडचा वर्ग करा, नोज रेडियसने भागा आणि ०.०३२ ने गुणा. उत्तर येतं ०.००२५ मिलिमीटर, म्हणजे अडीच मायक्रॉन. प्रत्यक्षात टूलची झीज आणि कंपन यांमुळे ते याहून वाढतं, कमी होत नाही. हा जॉब रिजेक्ट व्हायलाच हवा.

पण आदल्या दिवशी कुणीतरी एका छोट्या, बारीक ग्राइंडिंगच्या जॉबसाठी कट-ऑफ ०.२५ वर ठेवला होता आणि यंत्राने तो लक्षात ठेवला. या शाफ्टवरच्या चरांमधलं अंतरही ०.२५ मिलिमीटरच आहे, म्हणजे मुख्य लाट कट-ऑफइतकीच लांब. फिल्टर ती निम्मी करतो. चरांच्या टोकदार कडांतून येणाऱ्या आखूड लाटा जवळपास पूर्ण उरतात. सगळं मिळून Ra सुमारे १.३ मायक्रॉन दिसतो. अडीचचा जॉब १.३ म्हणून पास होतो, रिपोर्ट छापला जातो आणि माल ग्राहकाकडे जातो. तिथे ०.८ च्या कट-ऑफने मोजलं की अडीच येतं आणि मग दोन कंपन्यांत कुणाचं यंत्र खोटं यावरून भांडण जुंपतं. यंत्रं दोन्ही खरी असतात.

सकाळच्या मास्टरने ही चूक पकडली नसती का? पट्टीवरच्या लाटांची लांबी ०.१ मिलिमीटर आहे. कट-ऑफ ०.२५ असला तरी त्या लाटेचा फक्त एखादा टक्का कमी होतो. २.९७ चा मास्टर २.९३ दाखवेल, आणि तीन टक्क्यांच्या मर्यादेत ते सुखरूप बसतं. शिवाय अनेक यंत्रांत मास्टर मोजण्याची सेटिंग जॉबच्या सेटिंगहून वेगळी साठवलेली असते, त्यामुळे तेवढीही कल्पना येत नाही. म्हणून मास्टर पास झाला हा कट-ऑफ बरोबर असल्याचा पुरावा मानू नये. तो दर जॉबला डोळ्यांनी पडद्यावर वाचावा लागतो.

योग्य कट-ऑफ कसा निवडायचा? ड्रॉइंगवर लिहिला असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पृष्ठभाग कसा बनला ते आधी पाहावं. टर्निंग, मिलिंग, शेपिंगसारख्या कामात ठरावीक अंतराने रेषा येतात. तिथे त्या रेषांमधलं अंतर निर्णय करतं. अंतर ०.१३ ते ०.४ मिलिमीटर असेल तर कट-ऑफ ०.८, त्याहून मोठं १.३ पर्यंत असेल तर २.५. आपल्या शाफ्टचा फीड ०.२५, म्हणून ०.८. ग्राइंडिंग, होनिंग, शॉट ब्लास्टिंगमध्ये असा ठराव नसतो, तिथे Ra च्या अंदाजावरून निवडतात. Ra ०.१ ते २ मायक्रॉनमध्ये असेल तर ०.८, २ ते १० मध्ये असेल तर २.५, आणि ०.१ च्या खाली, ०.०२ पर्यंत, असेल तर ०.२५. आधी अंदाजाने मोजायचं, आलेला आकडा त्या पट्ट्यात बसतो का पाहायचं, नाही बसला तर कट-ऑफ बदलून पुन्हा मोजायचं. हा तक्ता आयएसओ ४२८८ या १९९६ च्या मानकातला आहे. २०२१ मध्ये आयएसओ २१९२० ही नवी मालिका आली, पण आधी काढलेल्या ड्रॉइंगांचा अर्थ लावताना हाच तक्ता लागतो. आणि तक्त्याची चुकीची बाजू वाचू नये. आपल्या शाफ्टचा Ra अडीच आहे म्हणून कुणी दुसऱ्या यादीतून २.५ चा कट-ऑफ घेतला, तर आता लांब लाटाही मापात शिरतील आणि आकडा विनाकारण फुगेल.

जागाच अपुरी असली की खरी अडचण येते. बेअरिंगची जागा फक्त ३ मिलिमीटर रुंद आहे आणि सुईला ४.८ हवेत. मग सोपा उपाय म्हणून ०.२५ निवडला जातो, कारण त्यात दीड मिलिमीटरमध्ये काम भागतं. हेच करू नये. कट-ऑफ ०.८ च ठेवावा आणि पाच तुकड्यांऐवजी दोन घ्यावेत. धाव धरून २.४ मिलिमीटर पुरतात. दोन तुकड्यांची सरासरी पाचांपेक्षा जास्त हलते, म्हणून शाफ्ट फिरवून आणखी तीन-चार ठिकाणी मोजावं आणि तुकड्यांची संख्या रिपोर्टवर लिहावी. यात माप थोडं ढोबळ होतं, पण ज्या गोष्टीचं माप हवं होतं तिचंच राहतं. ०.२५ ने आकडा स्थिर येतो, पण तो दुसऱ्याच कुठल्या गोष्टीचा असतो.

सुई बोथट असल्याचं कळलं, तर शेवटची चांगली नोंद कोणत्या तारखेची होती ते पाहून त्यानंतर पास केलेला बारीक फिनिशचा माल नव्या सुईने पुन्हा मोजावा लागतो. बारीक पट्ट्याची नोंद आठवड्याला असेल, तर एका आठवड्याचा माल उघडावा लागेल. वर्षातून एकदा बाहेरच्या कॅलिब्रेशनवरच भिस्त असेल, तर वर्षाचा.

आणि तुम्ही माल घेणारे असाल, तर पुढच्या वेळी आलेला रिपोर्ट हातात घेऊन पाहा. Ra च्या आकड्याशेजारी कट-ऑफ आणि सुईची त्रिज्या लिहिलेली नसेल, तर तो रिपोर्ट परत पाठवा.